दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मुलाला द्यायची चिठ्ठी: मसुद्यावर कात्री चालवा

ऋतुजा_स
मुलगा यंदा दहावीला आहे. राज्य मंडळ, मराठी माध्यम, पहिला पेपर मराठीचा. समोर बसून बोलायला गेलं की "हो गं आई, कळलं" म्हणतो आणि खोलीत निघून जातो. म्हणून चार ओळी लिहून द्यायचं ठरवलंय. त्या वाचून डोक्यावरचं ओझं थोडं उतरावं, एवढीच अपेक्षा. मसुदा असा आहे:

> प्रिय सोनू, उद्या तुझ्या आयुष्यातली पहिली मोठी परीक्षा. तू वर्षभर खूप मेहनत घेतली आहेस. आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. तू हुशार आहेस, नव्वदच्या वर नक्की जाशील. अजिबात टेन्शन घेऊ नकोस. मार्क महत्त्वाचे नाहीत, फक्त शंभर टक्के प्रयत्न कर. आजी-आजोबा, मामा, काकू सगळे तुझ्या निकालाकडे डोळे लावून बसलेत. ऑल द बेस्ट! – आई-बाबा

वाचताना काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही.

रिकामटेकडा
कुलदैवत राहिलं. बाकी सगळे आलेत.

गुणपत्रक
आदल्या दिवशी नवीन काही वाचायला देऊ नका. चिठ्ठी करायचीच तर एका पानावर समास आणि वाक्प्रचार काढा, मागच्या बाजूला पत्रलेखनाचा आराखडा. सकाळी एकदा नजर फिरवली की पुरे.

ऋतुजा_स
@गुणपत्रक, अहो अभ्यासाची चिठ्ठी नाही. आईने मुलाला लिहिलेली.

गुणपत्रक
अरेच्चा. माफ करा. पण समासाचं पान कराच.

हेमांगी_समुपदेशक
ऋतुजाताई, मसुदा प्रेमाने लिहिलाय हे दिसतंच. पण तो सोनूच्या जागी बसून वाचा. पंधरा वर्षांचा मुलगा उद्याच्या धाकात असताना यातलं प्रत्येक वाक्य "मग तसं झालं नाही तर?" असं विचारत वाचतो. ही एकच कसोटी लावून बघू.

"आयुष्यातली पहिली मोठी परीक्षा": ती मोठी आहे हे त्याला वर्षभर सगळ्यांनी सांगितलंय. आदल्या रात्री पुन्हा सांगून काहीच साधत नाही. हे वाक्य काढा.

"पूर्ण विश्वास आहे": कशावर विश्वास, ते लिहिलेलं नाही. मग मुलगा तो निकालावरचा विश्वास समजतो आणि पेपर अवघड गेला तर विश्वास मोडला असं धरून चालतो. विश्वास लिहायचाच असेल तर तो घडून गेलेल्या गोष्टीशी बांधा. "गेल्या महिन्यात तू पाच सराव कृतिपत्रिका वेळ लावून सोडवल्यास" हे वाक्य उद्या काहीही झालं तरी खरंच राहतं.

"नव्वदच्या वर नक्की जाशील": हा आकडा चिठ्ठीत शिरला की पेपरात प्रत्येक अडलेल्या प्रश्नाला डोक्यात वजाबाकी सुरू होते. आणि लगेच दोन वाक्यांनंतर "मार्क महत्त्वाचे नाहीत". मुलांना ही विसंगती तत्क्षणी दिसते, मग उरलेल्या चिठ्ठीवरचाही भरवसा उडतो.

"टेन्शन घेऊ नकोस": १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा त्यांच्या मनात येत राहिलं. इथेही तेच होतं. शिवाय टेन्शन येणारच आहे. ते आलं की मुलाला वाटतं, आईने सांगितलेली एवढी साधी गोष्टही मला जमत नाही.

"शंभर टक्के प्रयत्न कर": याला वरची मर्यादा नाही. रात्री अकराला पुस्तक मिटलं तर ते शंभर टक्के झाले की नाही, हे त्याला कधीच कळणार नाही.

आणि नातेवाइकांची ओळ. तिच्यात प्रेक्षक आहेत. प्रेक्षक काढा.

ऋतुजा_स
बाप रे. म्हणजे "प्रिय सोनू" एवढंच उरलं.

रिकामटेकडा
आणि "आई-बाबा". पहिली ओळ आणि शेवटची ओळ. छान सुटसुटीत.

निमाआजी
सगळं कौतुक कापून टाकायचं हे मला पटत नाही. परीक्षेआधी मुलाला "तू हुशार आहेस" म्हटलं तर त्याला जोरच येतो. पिढ्यान् पिढ्या आपण हेच म्हणत आलोय, आणि मुलं काही वाईट निघाली नाहीत.

हेमांगी_समुपदेशक
आजी, कौतुक हवंच. फक्त ते कशाचं करायचं, इथे फरक पडतो. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक या दोघींनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. काहींना पहिल्या कोड्यांनंतर "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू कष्ट घेतलेस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती सगळ्यांनाच जड गेली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तर "हुशार" म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि "कष्ट" म्हटलेली पुढे गेली. कारण सरळ आहे. हुशारी हा गुण मानला की अडणं म्हणजे तो गुण आपल्यात नसल्याचा पुरावा वाटतो. बोर्डाच्या पेपरात एखादी कृती अडणार हे तर ठरलेलंच आहे.

निमाआजी
बरं. पण मग "मेहनत घेतलीस" हे तर तिने लिहिलंय. ते का खटकलं नाही तुम्हाला?

हेमांगी_समुपदेशक
मोठ्या यादीत ते निसटलं, बरं झालं विचारलंत. ते ठेवा, पण "खूप मेहनत" न लिहिता काय केलं ते लिहा. "खूप" म्हटलं की मुलगा मनात म्हणतो, कुठे खूप, इतिहासाचे दोन धडे राहिलेत.

चंदू_मास्तर
खरं सांगू का, भावनेची वाक्यं कमी आणि कामाची एक सूचना असली की चिठ्ठी उपयोगी पडते. मी लिहीन: "पहिली दहा मिनिटं पेपर हातात आल्यावर फक्त शांतपणे वाच, लिहू नकोस. ती वेळ मुद्दाम वाचायलाच दिलेली असते." एवढ्याने धडधड थांबते.

नियामक_निवृत्त
चंदू मास्तर, कामाची सूचना द्यावी हे बरोबर, पण ही सूचना जुनी झाली. पेपर दहा मिनिटं आधी हातात द्यायची पद्धत मंडळाने २०२३ च्या परीक्षेपासून बंद केली. आता प्रश्नपत्रिका अकराला मिळते आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली आहेत. मराठीसारखा तीन तासांचा पेपर त्यामुळे दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत चालतो. दोन तासांचा, म्हणजे बीजगणित, भूमिती किंवा विज्ञानाचा भाग, एक वाजून दहापर्यंत.

हे चिठ्ठीत चुकलं तर काय होईल ते बघा. मुलगा अकरा ते अकरा दहा नुसता वाचत बसेल, शेजारचे लिहायला लागलेले दिसतील, आणि जी चिठ्ठी धडधड थांबवायला दिली तीच धडधड वाढवेल. वरवर वाचायला दोन-तीन मिनिटं पुरेत. मग जी कृती येते तिथून सुरुवात. क्रम बदलला तरी चालतं, फक्त प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्न ठळक आणि बरोबर लिहायचा.

चंदू_मास्तर
२०२३ चं माहीत नव्हतं. आमच्या वर्गात आजही तेच सांगतात. आता सूचना बदलून घेतो.

गुणपत्रक
म्हणजे मराठीत आधी उपयोजित लेखन करायचं का? त्याला २४ गुण आहेत.

नियामक_निवृत्त
अनेकांचं शेवटी तेच राहतं, हे खरं. गद्य-पद्यातल्या छोट्या कृतींत मुलं जास्त लिहितात आणि पत्र, जाहिरात, निबंध घाईत उरकतात. पण क्रम आदल्या रात्री बदलू नका. सरावात जो क्रम होता तोच ठेवा. चिठ्ठीत तर मुळीच नवा क्रम सांगू नका. मुलाला पुन्हा सगळा हिशोब मांडावा लागतो.

ऋतुजा_स
हे काम सोपं झालं. तो सराव पेपर पहिल्या विभागापासूनच सोडवतो. पुन्हा लिहिते:

> सोनू, गेल्या महिन्यात तू पाच सराव कृतिपत्रिका घड्याळ लावून सोडवल्यास. उद्याची सहावी आहे. पेपर हातात आल्यावर छातीत धडधडलं तर घाबरू नकोस. एखादी कृती अडली तर सोडून पुढे जा, शेवटी दहा मिनिटं जास्तीची आहेत. पेपर कसा गेला ते आल्यावर सांग. – आई

मेघदूत_०२
"उद्याची सहावी आहे" हे वाक्य एक नंबर.

हेमांगी_समुपदेशक
खूप फरक पडला. दोन जागा अजून सांगते.

"घाबरू नकोस" म्हणजे "टेन्शन घेऊ नकोस" मागच्या दाराने आत आलं. त्याऐवजी काय होईल आणि तेव्हा काय करायचं ते सांगा: "पेपर हातात आला की थोडं धडधडेल. सगळ्यांनाच होतं. तेव्हा येणारी एक छोटी कृती लिहायला घे." धडधडेल हे आधीच कळलेलं असलं की ती झाल्यावर मूल दचकत नाही. हात कामाला लागला की लक्ष आपोआप कागदावर येतं.

दुसरी जागा, "पेपर कसा गेला ते आल्यावर सांग". हा प्रश्न वरून साधा दिसतो, पण त्यामुळे पेपर लिहितानाच डोक्याचा एक कोपरा उत्तर तयार करत बसतो. शिवाय दुसऱ्या पेपरला थोडेच दिवस असतात. चुकलेल्या कृतीची चर्चा घरी पुन्हा झाली की ती पुढच्या पेपरात सोबत जाते. "मी विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटलं तर सांग" असं लिहा. आणि मग खरंच विचारू नका. हीच खरी अवघड बाजू आहे.

रिकामटेकडा
फाटकावर उभी असलेली आई, न विचारता. याला वेगळं प्रशिक्षण लागेल.

वसुधा_क
माझ्या मुलीची बारावी आहे, विज्ञान शाखा, पुढे सीईटी. तिच्यासाठी असं लिहिलं तर ती म्हणेल, "आई, तुला काय माहीत." शिवाय बारावीत मार्क खरंच महत्त्वाचे नाहीत असं कसं लिहायचं?

हेमांगी_समुपदेशक
लिहूच नका. मार्क कुठे लागतात हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, खोटं लगेच पकडलं जाईल. मार्कांचा विषयच काढू नका, एवढंच. "तुला काय माहीत" म्हणणाऱ्या मुलांना चिठ्ठी आणखी छोटी द्यावी: परतायला कोण येईल, किती वाजता, जेवायला काय असेल. घरातलं नेहमीचं जग उद्याही तसंच चालू आहे, एवढं पोचलं तरी पुष्कळ.

मेघदूत_०२
आणि ज्याचा अभ्यासच झालेला नाही त्याला काय लिहायचं? सगळे धागे अभ्यासू मुलांचेच असतात.

चंदू_मास्तर
त्याला सांगायचं, नापास झालास तरी जून-जुलैत पुरवणी परीक्षा आहे, वर्ष वाया जात नाही.

हेमांगी_समुपदेशक
ही माहिती हवीच, पण आदल्या रात्रीच्या चिठ्ठीत नको. तिथे "नापास" हा शब्द वाचला की घरच्यांनी निकाल ठरवूनच टाकला असं वाटतं. पुरवणीची गोष्ट चार-सहा आठवडे आधी, सहज बोलता बोलता. आदल्या रात्री अशा मुलाला लिहावं: "जे येतंय ते आधी लिही. कोरी जागा सोडू नकोस, सुचेल तेवढं लिही." त्याने काय केलंय ते शोधून लिहा. शोधलं की काहीतरी सापडतंच, नुसता वेळेवर वर्गात बसला तरी.

नियामक_निवृत्त
कोरी जागा सोडू नये हे खरंच. अर्धवट उत्तरालाही त्यातल्या बरोबर भागाचे गुण मिळू शकतात. कोऱ्या पानाला काहीच देता येत नाही.

पाटीपेन्सिल
एका अभ्यासाबद्दल वाचलंय. परीक्षेच्या जरा आधी मुलांनी स्वतःच्या भीतीबद्दल दहा मिनिटं लिहिलं तर गुण वाढले. मग आईने लिहिण्यापेक्षा मुलालाच कोरा कागद द्यावा का?

हेमांगी_समुपदेशक
२०११ चा रामिरेझ आणि बाइलॉक यांचा अभ्यास. गाजला खूप. पण २०१८ मध्ये नामांकित नियतकालिकांतले काही प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, त्यात याचा परिणाम पुन्हा दिसला नाही. मी स्वतः कोरा कागद देते, पण आदल्या संध्याकाळी आणि मुलाची इच्छा असेल तरच. साडेदहाला केंद्रावर पोचायचं असताना सकाळी बसून भीती लिहायला लावणं मला धोक्याचं वाटतं.

पाटीपेन्सिल
मला अजूनही वाटतं की लिहून काढल्याने मोकळं होतं. गुण वाढोत न वाढोत.

हेमांगी_समुपदेशक
त्याबद्दल माझा वाद नाही.

ऋतुजा_स
चिठ्ठी कधी आणि कुठे द्यायची? मी म्हटलं पेपरच्या पॅडला चिकटवावी, म्हणजे केंद्रावर बसला की दिसेल आणि धीर येईल.

नियामक_निवृत्त
ताई, हे अजिबात करू नका! पॅड, कंपास पेटी, प्रवेशपत्राचं पाकीट, शर्टाचा खिसा, यातल्या कुठेही हस्तलिखित कागद नको. पर्यवेक्षकाला किंवा भरारी पथकाला तो सापडला तर आधी तो कागद म्हणूनच दिसतो. त्यात आईची माया आहे की निबंधाचे मुद्दे, हे तपासेपर्यंत मुलाला बाजूला उभं राहावं लागतं. पुढे काही झालं नाही तरी तेवढ्या दहा मिनिटांत पेपर हातचा जातो. आणि ज्याला पॅडवरची चिठ्ठी आठवतेय तो मुलगा पर्यवेक्षक जवळ आला की पॅड झाकतो, मग तर संशय पक्का.

रिकामटेकडा
"उद्याची सहावी आहे" हे वाक्य भरारी पथकाला कसं समजावणार?

हेमांगी_समुपदेशक
आदल्या दिवशी संध्याकाळी, जेवणाआधी. झोपताना दिली तर त्यावर विचार करत पडतो, सकाळी दिली तर घाईत वाचतो. त्याच्या टेबलावर घडी घालून ठेवा आणि तुम्ही तिथून निघून जा. समोर उभं राहून वाचायला लावलं की त्याला चेहऱ्यावर काहीतरी प्रतिक्रिया आणावी लागते, आणि ती आणायला त्याच्याकडे आज ताकद शिल्लक नाही. "वाचलीस का" हेही विचारू नका.

प्रत्येक पेपरला नवी चिठ्ठी लिहू नका. तिसऱ्या-चौथ्यापासून ती नेमाची होते, आणि एखाद्या पेपरला राहिली तर मुलगा "आज का नाही दिली" यात अर्थ शोधतो. एक पहिल्या पेपरला. फार तर दुसरी, ज्या विषयाची त्याला सर्वांत धास्ती आहे त्याच्या आदल्या दिवशी.

वसुधा_क
व्हॉट्सॲपवर पाठवली तर? कागद लिहायचं माझं अक्षर...

मेघदूत_०२
व्हॉट्सॲपवर तोच संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर फॉरवर्ड होतो आणि मामा खाली फुलांचा गुच्छ टाकतो. शिवाय उघडलं की निळ्या टिका दिसतात, म्हणजे तुम्ही वाट बघणार. कागदच बरा.

वसुधा_क
निळ्या टिकांचं पटलं.

निमाआजी
आजी-आजोबांनी काय करायचं मग? आशीर्वाद तरी द्यायचा की नाही?

हेमांगी_समुपदेशक
आशीर्वाद द्या, आजी. फक्त निकालाच्या दिवसाचा उल्लेख टाळा. "पेढे वाटायचेत" हे वाक्य आदल्या रात्री नको.

अजून एक सांगायला हवं. चिठ्ठीने नेहमीची धास्ती थोडी कमी होते, त्यापलीकडे तिची ताकद नाही. मूल बरेच दिवस झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, सारखं पोट बिघडत असेल किंवा "मी नसलेलंच बरं" अशी भाषा काढत असेल, तर त्या रात्री चिठ्ठी नको. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालू. पेपर चुकला तर नंतर देता येतो.

ऋतुजा_स
सगळ्यांचे आभार. आता हे असं झालंय:

> सोनू,
> गेल्या महिन्यात तू पाच सराव कृतिपत्रिका घड्याळ लावून सोडवल्यास. उद्याची सहावी आहे.
> पेपर हातात आला की थोडं धडधडेल. तेव्हा येणारी एक छोटी कृती लिहायला घे. अडलं की पुढे जा, शेवटची दहा मिनिटं मागे वळायला आहेत.
> सव्वादोनला मी फाटकाबाहेर डाव्या हाताला असेन. पेपरचं मी विचारणार नाही, तुला वाटलं तर सांग.
> – आई

सोनूचे बाबा म्हणतात "ऑल द बेस्ट" तरी हवंच, नाहीतर चिठ्ठी कोरडी वाटते.

हेमांगी_समुपदेशक
राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. बाबांच्या हाताने लिहिलेलं असेल तर उलट बरंच.

नियामक_निवृत्त
सव्वादोन नको, अडीच लिहा. उत्तरपत्रिका गोळा होईपर्यंत मुलांना जागा सोडू देत नाहीत. तुम्ही वाट बघितली तर चालेल, त्याला उशीर झाला असं वाटायला नको.

गुणपत्रक
आणि समासाचं पान?

ऋतुजा_स
तो म्हणतो, मागच्याच आठवड्यात केलंय.